एक बिट लक्षात ठेवायला एक चिप, सोळा बिट लक्षात ठेवायला तीन महिने

सुरुवात ९ जून २०२४ ला झाली, रविवार होता. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण म्हणाल तर आयटीआय, तेही वायरमन ट्रेडचं. रॅम म्हणजे काय हे वाचून माहीत होतं पण नुसतं वाचून पोट भरत नव्हतं, म्हणून ठरवलं की एक बिट साठवणारा सेल स्वतः जोडायचा, मग त्याचे सोळा करायचे, चार ओळी चार कॉलम, आणि कुठलाही एक सेल पत्ता देऊन लिहायचा-वाचायचा. मला वाटलं होतं दोन रविवारात होईल 😀 सप्टेंबर उजाडला.

एका सेलचं गणित सोपं आहे. नँड गेट म्हणजे दोन्ही इनपुट एक असतील तरच आउटपुट शून्य, नाहीतर एक. असे दोन गेट घ्यायचे आणि एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला, दुसऱ्याचं पहिल्याच्या इनपुटला असं गुंतवायचं, की ते एकमेकांना धरून ठेवतात, एक वर असेल तर दुसरा खाली. आता त्यांना हवं तेव्हाच बदलायला लावायचं म्हणून पुढे अजून दोन नँड. झाले चार, आणि ७४००च्या एका चिपमध्ये बरोब्बर चारच नँड असतात.

```
X = NAND(D, E)
Y = NAND(X, E)
Q = NAND(X, P)
P = NAND(Y, Q)
```

D म्हणजे लिहायचा बिट, E म्हणजे दार, Q म्हणजे साठलेला बिट आणि P त्याचा उलटा. E शून्य असेल तर X आणि Y दोन्ही एक होतात आणि खालची जोडी आहे तशी बसून राहते. E एक केला की Q हा D च्या मागे जातो. दुसऱ्या ओळीत D उलटा करून द्यायला हवा असं पुस्तकात असतं आणि त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर लागतो, पण तिथे X च दिला तरी काम होतं, कागदावर चारही शक्यता मांडून बघा, म्हणजे इन्व्हर्टर वाचतो. मला हे कळायला एक संध्याकाळ गेली.

चिप आणायला गावातल्या दुकानात गेलो. मी मागितली ७४एचसी००, त्यांनी दिली ७४एलएस००, म्हणजे त्याच चार नँडची पण वेगळ्या जातीची चिप. म्हटलं दादा ही एलएस आहे, तर "एकच असतं हो, सगळे हेच नेतात." तीस रुपयाला एक, मी दहा घेतल्या कारण परत कोण येणार. बिल मागितल्यावर चेहरा असा केला की मी उरलेले पैसे न मोजताच निघालो.

घरी येऊन जोडलं. D च्या पिनेला स्विच, स्विच बंद असताना पिन शून्यावर राहावी म्हणून दहा के, म्हणजे दहा हजार ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. एलईडी लागला, आणि मग विझेचना. स्विच बंद, वायर बरोबर, चिप बदलली, तरी तेच. शेवटी मल्टिमीटर लावला तर पिनेवर सव्वा व्होल्टच्या आसपास, ना धड शून्य ना धड एक. दोन दिवस डोकं खाल्लं याने. कारण असं की एलएस चिपच्या इनपुटमधून थोडा करंट बाहेर येतो, आणि तो दहा के मधून ग्राउंडला जाताना तिथे एवढा व्होल्टेज उभा करतो की चिपला ते शून्य वाटतच नाही. उपाय म्हणजे उलटं करायचं, दहा के वर पाच व्होल्टला आणि स्विच ग्राउंडला. केलं आणि लगेच चालला. १२ जूनच्या रात्री साडेअकराला माझ्याकडे एक बिट होता, बायकोला उठवून दाखवला, ती म्हणाली "दिवा तर आधीपण लागत होता."

पुढचं सगळं एचसीमध्येच करायचं ठरवलं, कारण एलएस आणि एचसी मिसळणं धोक्याचं. एलएसचा एक म्हणजे खात्रीने फक्त २.७ व्होल्ट, आणि एचसीला पाच व्होल्टवर साधारण साडेतीन लागतात. चालतं बऱ्याचदा, पण नशिबावर. म्हणून २२ जूनला, शनिवारी, पंचवटी एक्सप्रेसने मुंबई. दादरला उतरून वेस्टर्नची लोकल, ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारच धरा. यादी लिहून न्या आणि यादीत "७४एचसी००" असं पूर्ण लिहा, "नँड" म्हणू नका. चिप हातात आल्यावर वरचे आकडे तिथेच वाचा, लाजू नका. ३४ चिपा साधारण ७५० रुपयांना पडल्या, त्यात पाच जास्तीच्या.

घरी येऊन त्याच सेलमध्ये एलएस काढून एचसी बसवली, वायरिंग तसंच, आणि सेल वेडा झाला. हात जवळ नेला की एलईडी बदलायचा. पंखा लावला की बदलायचा असंही मला वाटलं पण तो भास असेल. झालं असं होतं की E ची एक वायर माझ्याकडून लागलीच नव्हती, पिन लोंबकळत होती. एलएसमध्ये लोंबकळणारी पिन स्वतःहून एक समजली जाते, त्यामुळे चूक असूनही चालत होतं. एचसीच्या पिनेला करंट जवळपास लागतच नाही, ती हवेतलं काहीही पकडते. तेव्हापासून नियम केला की एचसीची एकही इनपुट पिन मोकळी ठेवायची नाही, वापरात नसलेल्या गेटच्यासुद्धा ग्राउंडला टाकायच्या (फक्त इनपुट हं, आउटपुट ग्राउंडला टाकाल तर चिप तापेल).

आता पत्त्याचा भाग, खरी मेहनत इथे आहे. सोळा सेलांना सोळा वेगळ्या निवडीच्या तारा काढता येतात, पण मग हजार सेलांना हजार. त्याऐवजी ओळ आणि कॉलम वेगळे केले तर चार अधिक चार, आठच तारा, आणि जिथे दोन्ही भेटतात तो सेल. सोळाला आठ म्हणजे फार मोठी बचत वाटत नाही, पण सत्तरच्या दशकातली इंटेलची २१०२ ही रॅम घ्या, १०२४ बिट, आत ३२ ओळी ३२ कॉलम, म्हणजे १०२४ च्या जागी ६४ तारा. पत्त्याचे चार बिट मी असे वाटले, वरचे दोन ओळीला, खालचे दोन कॉलमला. दोन बिटांवरून चारांपैकी एक तार निवडणारा तो डीकोडर, आणि ७४एचसी१३९ मध्ये असे दोन डीकोडर एकाच चिपमध्ये मिळतात, एक ओळीला एक कॉलमला, जसा काही माझ्यासाठीच बनवलाय.

फक्त त्याची आउटपुटं उलटी असतात. निवडलेली तार शून्य, बाकी तीन एक. मी आधी आठ इन्व्हर्टर टाकून ती सरळ करणार होतो, मग अँड गेट, मग अजून काय काय, चिपांची संख्या चाळीसच्या वर जायला लागली. नाशकातल्या पंचवटीत एक जुने टीव्ही रिपेअर करणारे काका आहेत, त्यांना कागद दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, "अरे उलटं आहे ना, मग उलटंच राहू दे. दोन्ही शून्य असतील तेव्हाच शून्य देणारं गेट कोणतं?" ऑर. मी म्हटलं काका, ऑर म्हणजे एक तरी असेल तर एक. "तेच तर. दुसऱ्या बाजूने वाच." चहाचे पैसेपण त्यांनीच दिले.

```
SEL = OR(ROW, COL)
E   = NOR(SEL, WE)
```

यात सगळं शून्य म्हणजे "हो". ओळ शून्य आणि कॉलम शून्य तर SEL शून्य, सेल निवडला गेला. WE म्हणजे लिहा हा हुकूम, तोपण शून्यावर चालणारा. SEL आणि WE दोन्ही शून्य तरच E एक होतो आणि दार उघडतं. वाचायला सोळा सेलांची आउटपुटं एका तारेवर आणायची होती, ती सरळ जोडता येत नाहीत, एक वर ओढणार एक खाली, चिपांची मारामारी होते. म्हणून प्रत्येक सेलपुढे ७४एचसी१२५ चा एक बफर, जो परवानगी नसेल तर तार सोडून देतो. त्याची परवानगीही शून्यावरच चालते, म्हणजे SEL सरळ तिथेच नेली. काकांच्या एका वाक्याने चिपा २९ वर आल्या.

त्या २९ ची मांडणी मला खूप आवडली म्हणून सांगतो. एका ओळीला चार नँडच्या चिपा, एक ऑर, एक नॉर, एक बफर, झाल्या सात. लांबवाल्या ब्रेडबोर्डवर सात चिपा बसून एलईडीला जागा उरते. म्हणजे एक ब्रेडबोर्ड म्हणजे मेमरीची एक ओळ, असे चार बोर्ड, आणि पाचव्यावर डीकोडर आणि स्विच. प्रत्येक सेलच्या Q ला एक लाल एलईडी २.२ के मधून, म्हणजे आत काय साठलंय ते न वाचताच दिसतं. वायरसाठी भंगारातून ६० रुपयाची लॅन केबल आणून सोलली, तिच्या आतली तार एकच जाड तांब्याची होती, ती ब्रेडबोर्डात छान बसते, आणि रंग मिळतात: नारंगी ओळीला, निळा कॉलमला, हिरवा डेटाला, तपकिरी लिहायच्या हुकमाला. रंग ठरवून घ्याच, कारण तारा तीनशेच्या वर होतात.

पहिली ओळ ७ जुलैला झाली, दुसरी आषाढी एकादशीच्या सुट्टीत. दुसऱ्या ओळीत एक गंमत झाली, उजवीकडचे दोन सेल चालायचे पण एलईडी मंद, आणि मधूनच विसरायचे. चिपच्या १४ नंबर म्हणजे पॉवरच्या पिनेवर मोजलं तर पाचाऐवजी तीन-साडेतीन व्होल्ट. या लांब बोर्डांची वरची लाल पट्टी काही बोर्डांत मध्यात तुटलेली असते, हे मला माहीतच नव्हतं. त्या अर्ध्या भागाला पॉवरच नव्हता! तरी चिप चालत होती कारण एचसीमध्ये इनपुट पिनेतून, आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून, थोडा पॉवर चोरून आत जातो. मंद एलईडी दिसला की आधी पॉवरची पिन मोजा. आणि प्रत्येक चिपशेजारी १०४ चा सिरॅमिक कपॅसिटर पॉवर-ग्राउंडमध्ये, रुपयाला एक मिळतो, कंटाळा करू नका.

२८ जुलैला सोळाही सेल लागले. आणि तेव्हापासून भुताटकी सुरू झाली.

एक सेल लिहिला की कधीकधी दुसराच एखादा सेलपण पेटायचा. दर वेळी नाही. सोडून दिलं तर दहा मिनिटं ठीक, मग परत. मला खात्री वाटली की पॉवरचा व्होल्टेज मधूनच थरथरतोय, आणि ते बघायला व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप पाहिजे. तो माझ्याकडे नाही. एका कॉलेजच्या लॅबमध्ये आहे हे माहीत होतं म्हणून २९ जुलैला हाफ डे टाकून गेलो. तिथे कळलं की बाहेरच्या माणसाला लॅब वापरायला प्राचार्यांच्या नावे अर्ज, विभागप्रमुखांमार्फत, सोबत आधारची झेरॉक्स आणि "नुकसान झाल्यास भरपाई देईन" असं लिहून. लिहून दिलं. दुसऱ्या वेळी गेलो तर विभागप्रमुख परीक्षेच्या ड्युटीवर. तिसऱ्या वेळी सही मिळाली पण आवक नंबर टाकणारी मॅडम जेवायला गेलेल्या, दीड तास बाकावर बसलो. अर्ज करणार असाल तर दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, मी घेतली होती म्हणून नंतर "तुमचा अर्जच नाही" म्हटल्यावर दाखवता आली. १४ ऑगस्टला फोन आला, शनिवारी १७ ला अकरा ते एक या.

तोपर्यंत भूत मला सापडलं होतं 😅

४ ऑगस्टच्या रविवारी मी वहीत प्रत्येक हालचाल लिहायला लागलो, अगदी कोणता स्विच आधी हलवला तेही. WE साठी मी साधा ऑन-ऑफ स्विच लावला होता, आणि सोळा सेल भरायचे असले की सारखा दाबायचा कंटाळा म्हणून तो "लिहा" वरच ठेवून नुसता पत्ता बदलत होतो. आता बघा. सगळे सेल शून्य, डेटा एक, पत्ता ०११०, म्हणजे ओळ १ कॉलम २. तो सेल पेटला, बरोबर. आता ओळ २ वर जायचंय, पत्ता १०१०. यात वरचे दोन्ही बिट बदलतात, ०१ चे १०. पण माझं बोट एका वेळी एकच स्विच हलवतं. डावा स्विच आधी वर केला की मधे क्षणभर पत्ता होतो १११०, म्हणजे ओळ ३. लिहायचं दार उघडंच आहे. ओळ ३ कॉलम २ पेटला. मग उजवा खाली, पत्ता १०१०, ओळ २ पेटली. मला वाटलं मी दोन सेल लिहिले, लिहिले होते तीन. आणि उजवा स्विच आधी हलवला तर मधला पत्ता ००१०, भूत ओळ ० मध्ये निघतं. वहीत बघितलं तर शंभर टक्के तेच, ०० वरून ०१ ला जाताना कधीच भूत नाही कारण तिथे एकच बिट बदलतो. म्हणूनच ते "कधीकधी" वाटत होतं. मेमरीत काहीच बिघाड नव्हता, मी सांगितलं तेच ती इमानदारीने लिहीत होती.

उपाय चार रुपयाचा. ऑन-ऑफ स्विच काढून पुश बटण, दहा के वर, दाबलं की शून्य. आधी पत्ता, मग डेटा, मग बटण दाबून सोडायचं, आणि सोडल्यावरच पत्त्याला हात लावायचा. बटण दाबताना आतला पत्रा टकटक करतो, दहा वेळा जोडतो-तुटतो, त्याची काळजी मला आधी होती, पण इथे त्याने काही बिघडत नाही, तोच बिट त्याच सेलमध्ये दहा वेळा लिहिला गेला तर गेला. दाबणं मोजणाऱ्या काउंटरला तेच बटण लावाल तर मात्र रडाल.

मग १७ ला कॉलेजात गेलो का? गेलो, एवढ्या चकरा मारल्यावर सोडतो का. मनात शंका होती की हात हळू आहे म्हणून हे होतंय, पत्ता एखाद्या चिपने बदलला तर नाही होणार. लॅब असिस्टंट भला माणूस, त्याने कपाटातून एक रिपल काउंटर काढून दिला, तो पत्त्याला जोडला आणि स्कोपचा एक प्रोब ओळ ० च्या तारेवर ठेवला. काउंटर ०१ वरून १० ला जाताना आधी खालचा बिट पडतो, मग त्याच्या पडण्याने वरचा चढतो, म्हणजे मधे ००. आणि स्क्रीनवर दिसलं, ओळ ० ची तार जिथे गप्प असायला हवी तिथे एक बारीक खाच, दहा-पंधरा नॅनोसेकंदाची. WE दाबून धरला तर एवढ्या खाचेत सेल कधी लिहिला जायचा कधी नाही, नँडची जोडी उलटायलाही साधारण तेवढाच वेळ घेते. असिस्टंट म्हणाला, "सर, रॅमच्या डेटाशीटमध्ये ॲड्रेस सेटअप टाइम लिहिलेला असतो ना, तो हाच." म्हणजे लिहायचा हुकूम देण्याआधी पत्ता किती वेळ स्थिर हवा ते. मी तो शब्द दहा वेळा वाचला असेन, कधी थांबून विचार नव्हता केला.

माझी रॅम खऱ्या रॅमपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे, तेही सांगतो. मी प्रत्येक सेलपाशी ओळ आणि कॉलमची गाठ मारली, म्हणजे प्रत्येक सेलला स्वतःचं ऑर, नॉर, बफर. खऱ्या स्टॅटिक रॅममध्ये सेल सहा ट्रान्झिस्टरचा असतो आणि ओळीची तार ती अख्खी ओळ उघडते, कॉलम डीकोडर खाली एकदाच, उघडलेल्या ओळीतला कुठला कॉलम बाहेर न्यायचा ते ठरवतो. माझ्या सेलमध्ये नुसत्या चार नँडचेच सोळा ट्रान्झिस्टर होतात. पुन्हा केलं तर वाचनाचा भाग तसा करेन, सोळा बफर राहतील पण त्यांना परवानगी नुसत्या ओळीच्या तारेची, प्रत्येक कॉलमला एक सामाईक तार आणि खाली एक सिलेक्टर.

खर्च विचारतील म्हणून: चिपा ७५०, पाच ब्रेडबोर्ड ५००, एलईडी रेझिस्टर कपॅसिटर स्विच मिळून २२०, लॅन केबल ६०, मुंबईची फेरी खाण्यासकट ४५०, त्या दहा एलएस चिपा ३००, झेरॉक्स आणि अर्ज ४०. सगळे मिळून २३२०. पॉवर जुन्या मोबाइल चार्जरचा. नऊ एलएस चिपा अजून पडून आहेत, कोणाला हव्या तर सिडकोत येऊन न्या.

१ सप्टेंबरला, पोळ्याच्या आदल्या दिवशी, सोळाही सेल सोळा वेळा लिहून-वाचून तपासले, पाटी कोरी करून बुद्धिबळाच्या पटासारखा एक आड एक नमुना भरला, फोटो काढायला मोबाइल घ्यायला गेलो आणि लाइट गेली. आली तेव्हा पट गायब, पण एलईडी सगळे विझलेले नव्हते, कुठलेतरी सातच पेटले होते. उत्सुकता म्हणून नंतर वीस वेळा बंद-चालू करून वहीत मांडलं, दर वेळी मिनिटभर थांबून, कारण पटकन चालू केलं तर कपॅसिटरमध्ये उरलेल्या पॉवरवर जुनाच डेटा तग धरतो. सोळांतले अकरा सेल वीसच्या वीस वेळा त्याच बाजूला पडले, कुणी कायम एक, कुणी कायम शून्य. दोन नँड एकसारखे म्हणून विकले तरी एक दुसऱ्यापेक्षा किंचित चपळ निघतोच, पॉवर येताना तो जिंकतो. उरलेले पाच मात्र दर वेळी वेगळं काहीतरी. ओळ २ कॉलम ३ वाला तर बरोब्बर दहा वेळा इकडे दहा वेळा तिकडे.